प्रश्न नववा आणि मालेगावची कशिश

आधीच सांगून ठेवतो, यावर विश्वास ठेवायचा नाही. आजपर्यंत ही गोष्ट मी एकशेबारा जणांना सांगितली, एकानेही ठेवला नाही, आणि त्यातले चौघे माझे सख्खे मेहुणे. तेव्हा तुम्ही सेकंड इयरची पोरं, लॅबच्या बाहेर बाकड्यावर नंबर यायची वाट बघत, तुम्ही ठेवलाच तर मला काळजी वाटेल तुमची.

हा सार्थक मघाशी विचारत होता, "मामा, तुमचा तो ओरलचा, तोंडी परीक्षेचा कागद आहे का हो? सीनियर म्हणतात, त्यात सगळं येतं."

होता. एकाच पानाचा. आता नाही. का नाही, तेच सांगतो. आतले एक्स्टर्नल, बाहेरच्या कॉलेजचे परीक्षक, जेवायला गेलेत, अर्धा तास आहे.

मी या डेटाबेसच्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं परिचर होतो, रिटायर झालो तरी ओरलच्या दिवशी येऊन बसतो. दाराशी उभं राहायचं, रोल नंबर पुकारायचा, आत चहा न्यायचा, कप परत आणायचे. आता चहा नेऊन ठेवायला किती वेळ लागतो? आमच्या सरांना विचाराल तर दहा सेकंद. मला चार मिनिटं लागायची. बशी पुसायची, कप फिरवायचा, साखर विचारायची, न मागितलेली बिस्किटं आणायला परत जायचं. त्या चार मिनिटांत कान उघडे. सत्तावीस वर्षांत मी नॉर्मलायझेशनचे, म्हणजे माहितीची टेबलं नीट तोडून मांडायचे, जेवढे प्रश्न ऐकले तेवढे विद्यापीठाने काढलेही नसतील. आणि असं बघा, एक्स्टर्नल बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. प्रायमरी की म्हणजे काय, कॅंडिडेट की म्हणजे काय, सेकंड आणि थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये फरक काय. कुलस्वामिनीच्या आरतीसारखं, दरवर्षी तेच आणि त्याच क्रमाने.

उत्तरं मात्र मला कुठे येत होती? मी सातवी पास. मग मी एक युक्ती काढली. पोरगं उत्तर द्यायला लागलं की मी पोराकडे बघायचोच नाही, एक्स्टर्नलच्या मानेकडे बघायचो. मान उभी हलली की ते उत्तर बरोबर, खिशातल्या वहीत टिपून घे. आडवी हलली की सोडून दे. अशी एकेक मान जमवत मी बारा प्रश्न आणि बारा उत्तरं लिहिली. एका पानावर, बारीक अक्षरात, आणि खाली मोठ्या अक्षरात माझं नाव.

"खाली नाव कशाला?" सार्थक म्हणतो.

अरे, मग माणूस लिहितो कशासाठी?

तर त्या वर्षी सेकंड इयरला एक मुलगी होती, कशिश. मालेगावची. वडिलांचे, हनीफभाईंचे, सोळा यंत्रमाग. ही इथे हॉस्टेलला. प्रॅक्टिकलला तिचा हात असा चालायचा की कीबोर्ड म्हणायचा, बाई, जरा दम घे. पण ओरलला बसवली की संपलं. मागच्या खेपेला एक्स्टर्नलसमोर सात मिनिटं बसली आणि एक अक्षर बोलली नाही. इतकं शांत झालं की पंख्याला लाज वाटून तो बंद पडला.

"लाइट गेली असेल," सार्थक म्हणाला.

गेली असेल. पण कोणामुळे गेली? बरं, तर ती नापास. पंचवीसपैकी दहा लागतात, हिला चार दिले, तेही हजेरीचे म्हणून. आता हाच विषय राहिलेला. या खेपेलाही गेला की तिसऱ्या वर्षाचं दार बंद, एक वर्ष मालेगावात धाग्याची बिलं फाडत बसायचं. ती मला लॅबच्या पायरीवर सापडली, पुस्तक उलटं धरलेलं.

"मामा, मला सगळं येतं," ती म्हणाली. "पर समोर कोणी बसलं ना, तर डोकं एकदम खाली, रिकामं. जैसे कोणी स्विच बंद केला."

मी वहीतून कागद काढला. "हे घे. बारा प्रश्न. हे पाठ कर आणि पोपटासारखं म्हण. पोपटाला कधी भीती वाटलेली बघितलीस का?"

कागद चांगला होता, हे मी स्वतःचा म्हणून सांगत नाही. पहिलाच प्रश्न बघा. सुपर की, कॅंडिडेट की आणि प्रायमरी की यांत फरक काय. उत्तर: ज्या कॉलमांनी टेबलातली ओळ एकटी ओळखता येते ती सुपर की. तिच्यातलं फालतू सगळं काढलं, आणि आता एकही कॉलम काढला तर ओळ ओळखता येणार नाही, अशी उरली ती कॅंडिडेट की. अशा दोन-चार असू शकतात. विद्यापीठाने प्रत्येक पोराला दिलेला वेगळा पीआरएन नंबर ही एक, कॉलेजचा ईमेल दुसरी. त्यातली आपण निवडतो ती प्रायमरी. नाव कधी की म्हणून घेऊ नये, कारण एका वर्गात तीन पूजा निघतात.

चौथा प्रश्न सेकंड नॉर्मल फॉर्मचा. टेबलात पीआरएन, विषयाचा कोड, विषयाचं नाव आणि गुण. की दोन कॉलमांची, पीआरएन आणि कोड मिळून. पण विषयाचं नाव एकट्या कोडवरून कळतं, पीआरएनची गरजच नाही. किल्लीच्या अर्ध्या तुकड्याने कुलूप उघडतंय, म्हणजे पार्शल डिपेन्डन्सी. ते नाव उचलून वेगळ्या टेबलात ठेवायचं.

आणि सहावा प्रश्न तर माझा लाडका. थर्ड नॉर्मल फॉर्म उदाहरणासह सांगा. सगळी पुस्तकं कर्मचारी आणि खातं घेऊन बसतात. मी आपली कॉलेजची बस घेतली. टेबलात पीआरएन, विद्यार्थ्याचं नाव, बसचा रूट आणि ड्रायव्हरचं नाव. एका रूटला एक ड्रायव्हर. पीआरएनवरून रूट कळतो, रूटवरून ड्रायव्हर कळतो. ओझरचा रूट म्हटला की कारभारी. म्हणजे ड्रायव्हर पीआरएनला सरळ चिकटलेलाच नाही, मध्ये रूट आहे. ही ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी. आता ओझर रूटला साठ पोरं असतील तर कारभारीचं नाव साठ वेळा. उद्या ड्रायव्हर बदलला तर साठ ठिकाणी खोडा, एक ठिकाणी विसरलात तर एका पोराच्या हिशेबाने बस कारभारी चालवतोय आणि बाकीच्यांच्या हिशेबाने दुसराच. त्या रूटची सगळी पोरं सोडून गेली तर कारभारी आहे हेसुद्धा कोणाला कळायचं नाही. म्हणून दोन टेबलं करायची. एकात पीआरएन, नाव आणि रूट. दुसऱ्यात रूट आणि ड्रायव्हर. पहिल्या टेबलातला रूट ही फॉरेन की, दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारी. आणि ती रिकामी राहू शकते का, तर मनाई केली नसेल तर राहू शकते, जो पोरगा सायकलने येतो त्याचा रूट कुठून आणायचा.

कशिश कागद घेऊन गेली. मी तिला बजावलं होतं, कोणाला दाखवू नकोस. तिने एकाच मैत्रिणीला दाखवला. संध्याकाळपर्यंत गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याने सहासष्ट कॉप्या काढल्या. त्याचं मशीन इतकं तापलं की त्यावर त्याने दोन पोळ्या भाजून घेतल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या बॅचला कागद पाठ. हॉस्टेलच्या बाथरूममधून ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी ऐकू यायची. गेटवरचा तो पिवळा कुत्रा आठवतो का? त्याच्यासमोर कोणी अर्धवट नॉर्मलाइज केलेलं टेबल धरलं की तो भुंकायचा.

"मामा," सार्थक म्हणाला, "कुत्रा राहू द्या. ओरलचं सांगा."

सांगतो. ओरलच्या दिवशी सकाळी साडेनऊला कशिश माझ्याकडे आली. हातात कागद, आणि नवव्या प्रश्नाभोवती लाल गोल.

नववा प्रश्न असा होता: टेबलाला एकाच कॉलमची प्रायमरी की असेल, दुसरी कुठली की नसेल, तर ते टेबल आपोआप थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये असतं का? माझं उत्तर: हो.

"मामा, हे गलत आहे," ती म्हणाली.

"कागद चुकत नाही."

"चुकतो. की एकाच कॉलमची असली तर अर्धी की होतच नाही. म्हणून पार्शल डिपेन्डन्सी होणार नाही. म्हणजे सेकंड आपोआप. थर्डचं काय? तुमच्याच सहाव्या प्रश्नात बघा ना. बसच्या टेबलात की काय? पीआरएन. एकच कॉलम. तरी ते थर्डमध्ये नाही, तुम्हीच लिहिलंय. एकाच पानावर सहावा म्हणतो नाही आणि नववा म्हणतो हो."

मी कागद उजेडात धरला. खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. पण मान आठवली. हे उत्तर मी ज्या एक्स्टर्नलच्या मानेवरून घेतलं होतं, ते गृहस्थ जाडजूड, ज्ञानी, आणि मान अशी खणखणीत हलली होती की चष्मा नाकावरून घसरला. एवढी मान खोटं बोलेल?

"पोरी," मी म्हणालो, "आज वाद घालायचा दिवस नाही. तुला दहा मार्क हवेत की कागदाशी भांडण हवंय? लिहिलंय तसं म्हण आणि बाहेर ये."

तिने कागदाची घडी घातली. पण तिने लाल गोल पुसला नाही.

एक्स्टर्नल आल्या त्या आशा मॅडम. चांदवडकडच्या एका कॉलेजातून. बारीक बाई, कडक इस्त्रीची साडी, आणि हातात एक लहान वही. शेजारी आमचे सर इंटर्नल म्हणून. पहिला नंबर पुकारला, पोरगा आत गेला, थर्ड नॉर्मल फॉर्मला त्याने बसचं टेबल सांगितलं, ओझर, कारभारी. मॅडम म्हणाल्या, छान. दुसरा आत गेला, ओझर, कारभारी. तिसरी गेली, ओझर, कारभारी. आठव्या पोराला त्यांनी उदाहरण बदलून मागितलं, तर त्याने डोळे मिटून पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, कारण मधून धरलं तर त्याला येत नव्हतं.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा मॅडमनी मला विचारलं, "हे कारभारी सर कोण? तुमचे विभागप्रमुख का?"

"नाही मॅडम, बस चालवतात."

आमचे सर छताकडे बघायला लागले. छतावर काही नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी प्रत्येकाला, आधीच्या आठांनाही परत बोलावून, एकच प्रश्न जास्तीचा विचारायला घेतला. कोणता, ते ओळखा. एका कॉलमची की असेल तर थर्ड नॉर्मल फॉर्म आपोआप का? एकामागून एक सगळे म्हणाले, हो मॅडम. आणि मॅडम प्रत्येकाच्या नावापुढे वहीत एक बारीक फुली मारत होत्या. मी बशी पुसता पुसता मोजल्या. अठरा. भरतकामासारख्या, एकाखाली एक.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती खणखणीत मान हलली तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता. मला आता सगळं लख्ख दिसलं. पोरगा उत्तर देत होता, आणि त्याच वेळी मी दारातून म्हणालो होतो, "सर, जेवण तयार आहे, भरीत आहे." मान भरताला हलली होती. उत्तराला नव्हे.

"म्हणजे तुम्ही भरीत छापलंत," सार्थक म्हणाला.

सहासष्ट कॉप्या. आणि एकोणिसावी पाळी कशिशची. मी ट्रे टाकून दाराकडे धावलो, तिला सांगायला, की बाई, तूच खरी, कागद खोटा. पण सरांनी आतूनच नंबर पुकारला, आणि ती माझ्या शेजारून आत गेली. मी तोंड उघडलं तोवर ती खुर्चीवर. मी परत आत. कप उचलायचे होते ना.

पहिला प्रश्न, प्रायमरी की म्हणजे काय. कशिश टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ओठ हलले, आवाज नाही. मॅडमनी सोपा केला, बरं, प्रायमरी की रिकामी राहू शकते का? हे तर तिला झोपेत येत होतं. काही नाही. सरांनी घसा खाकरला. मी एक कप दुसऱ्यात घातला, परत काढला.  आणि मला सारखं दिसत होतं, पोरगी मालेगावात धाग्याची बिलं फाडतेय आणि ते माझ्यामुळे. पोपट हो म्हणून मी सांगितलं होतं, आणि पोपट होता येत नव्हतं म्हणून ती अडली होती.

मॅडमनाही दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बाळ, एकच विचारते. एका कॉलमची की आहे, दुसरी की नाही. टेबल आपोआप थर्ड नॉर्मल फॉर्ममध्ये आहे का? सगळे हो म्हणालेत. तूही हो म्हण आणि जा."

कशिशने मान वर केली.

"कौन बोला हो?"

आता तुम्हाला एक सांगायचं राहिलं. हनीफभाईंचा धागा भिवंडीच्या एका व्यापाऱ्याकडून यायचा, आणि त्याच्याशी भाव करायचं काम लहानपणापासून या पोरीकडे. हनीफभाई मऊ माणूस, व्यापारी म्हणेल त्याला बरं म्हणणारा. ही फोन घ्यायची. फोनवरून ती जे बोलायची ते ऐकून यंत्रमाग थांबायचे म्हणतात. तर हिला विचारलं की तिचं तोंड बंद, पण कोणी हिच्यासमोर चुकीचा माल ठेवला की तोंड उघडणार. मॅडमनी नेमका चुकीचा माल ठेवला होता.

"सगळे म्हणाले, बेटा," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्यांनी एकाच कागदावरून म्हटलं, मॅडम. अठरा जणांनी सांगितलं म्हणून अठरा साक्षीदार होत नाहीत. एकाच कापडाच्या थानाचे अठरा तुकडे आहेत." आणि तिने काय केलं असेल? ओढणीच्या टोकात घडी केलेला माझा कागद काढला आणि मॅडमच्या समोर टेबलावर पसरला. ओरलमध्ये. एक्स्टर्नलसमोर. सत्तावीस वर्षांत मी असं बघितलं नव्हतं. सर खुर्चीत एक फूट खाली गेले. "हे बघा. सहावा आणि नववा. दोन्ही खरे नाही होऊ शकत. पीआरएन एकच कॉलम. सेकंड आपोआप, मान्य. पण रूटवरून ड्रायव्हर ठरतो, आणि रूट की नाही. थर्ड कुठून आपोआप?"

मॅडमनी कागद वाचला. वरपासून खालपर्यंत. आणि खाली, तुम्हाला माहीतच आहे, मोठ्या अक्षरात काय होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझं आहे मॅडम," मी म्हणालो. "उत्तरं माझी नाहीत. मानांची आहेत."

त्यांना काही कळलं नाही, आणि मी जास्त समजावत बसलो नाही. पण त्यांनी वही मिटली, खुर्ची पुढे ओढली, आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा बुद्धिबळात समोर शेवटी कोणी खेळणारा बसला की होतो.

"बरं. मग तुमच्याच बसवर येऊ. नवीन टेबल. रूट, फेरी आणि ड्रायव्हर. फेरी म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ. एका रूटला एका फेरीला एकच ड्रायव्हर, पण सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा असू शकतो. आणि एक ड्रायव्हर एकच रूट चालवतो. कीज सांग."

"रूट आणि फेरी मिळून एक," कशिश म्हणाली. "ड्रायव्हर आणि फेरी मिळून दुसरी. ड्रायव्हर कळला की रूट कळतो, फेरी सोबत आहेच, सगळी ओळ कळली."

"थर्ड?"

"आहे. तिन्ही कॉलम कुठल्या ना कुठल्या कीमध्ये येतात. बाहेर कोणी उरलंच नाही."

"बीसीएनएफ?"

"नाही. बीसीएनएफ थर्डपेक्षा कडक, तो म्हणतो, ज्याच्यावरून दुसरं काही ठरतं तो स्वतः सुपर की पाहिजे. इथे ड्रायव्हरवरून रूट ठरतो, आणि एकटा ड्रायव्हर की नाही. एकाच ड्रायव्हरच्या दोन ओळी असू शकतात, सकाळची आणि संध्याकाळची."

"मग तोड टेबल."

"तोडते. ड्रायव्हर-रूट एक, ड्रायव्हर-फेरी एक. पण मग एका रूटला एका फेरीला एकच ड्रायव्हर, हा नियम एका टेबलात बघून तपासता येणार नाही, दोन्ही जोडावी लागतील. नुकसान आहे." ती थांबली, आणि मला तो थांबा ओळखू आला, भाव ठरायच्या आधी असतो तसा. "पर मॅडम, तोडायच्या आधी एक सांगा. एक ड्रायव्हर एकच रूट चालवतो, हे तुम्हाला कोण बोललं?"

"मी धरून चालले."

"धरून कसं चालेल? चार ओळी बघून डिपेन्डन्सी ठरत नाही. ती कामाच्या नियमातून येते. ज्याचं काम त्याला विचारा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला म्हणाल्या, "मामा, तुमचे कारभारी आहेत का खाली?"

कारभारी खाली बसच्या सावलीत पेपर वाचत होता. मी त्याला वर बोलावलं. डोक्यावरची टोपी हातात घेऊन तो दारात उभा, चेहरा पांढरा. "काय चुकलं का मॅडम? कंप्लेंट हाय का काही? त्या दिवशी ब्रेक मारला तो म्हशीमुळं मारला."

"कंप्लेंट नाही. तुम्ही एकच रूट चालवता ना? ओझर?"

"वझरच. पण सकाळचं. महिना झाला, सांजच्याला सिन्नरची गाडी पण माझ्याकडंच दिली हाय. लय वढाताण होती मॅडम, पण सांगायचं कुणाला."

 कशिश टाळी द्यायला हात पुढे करावा तशी म्हणाली, "संपलं. कारभारीकाका सकाळी ओझर, संध्याकाळी सिन्नर. ड्रायव्हरवरून रूट ठरत नाही. डिपेन्डन्सीच गेली. टेबल आहे तसं बीसीएनएफमध्ये आहे, तोडू नका."

"आणि ड्रायव्हर आणि फेरी?" मॅडमनी विचारलं.

"ती की राहिली. सकाळी काका दोन बस नाही चालवू शकत."

"एक चालवतो तेच लय हाय," कारभारी म्हणाला. "मी जाऊ का?"

मॅडम हसल्या. खरंच हसल्या, टेबलावर हात आपटून. आमचे सर खुर्चीतून वर आले. कारभारीला मी चहा दिला, एक्स्टर्नलचा, दोन चमचे साखरेचा. मॅडमनी त्या अठरा जणांना पुन्हा बोलावलं आणि म्हणाल्या, नववा प्रश्न ज्याला चुकला त्याचा एकच मार्क गेलाय, रडू नका, पण सहावा आणि नववा शेजारी ठेवून एकदा बघा. मग माझा कागद मागितला, नवव्या उत्तरावर स्वतः लाल रेघ मारली आणि पर्समध्ये ठेवून दिला. म्हणून म्हटलं ना, आता नाही.

"आणि कशिशला?" सार्थकने विचारलं. त्याच्या शेजारच्या सगळ्यांनी मोबाइल खाली ठेवला होता. "पास झाली ना?"

पास? अरे, पास म्हणजे काय विचारतोस. मी कप उचलत होतो, मला वही सरळ दिसली. पहिल्या दोन प्रश्नांचे गेले होते, ते मॅडमनी परत दिले. बीसीएनएफचे दिले. कारभारीला वर बोलवायला लावल्याचे दोन दिले. मग थांबल्या, विचार केला, आणि माझ्या कागदातली चूक काढल्याचा एक वर दिला. पंचवीसपैकी सव्वीस. मी या डोळ्यांनी बघितले. दोन आणि सहा, खाली सही. त्या वर्षीच्या निकालात अजून तसेच आहेत, विद्यापीठात जाऊन बघा, सव्वीस...

लॅबचं दार उघडलं आणि रूपाली बाहेर आली, आमची टेक्निकल असिस्टंट, आता माझ्या जागी हीच आत सगळं बघते, आणि त्या काळातही ओरलचे मार्क संगणकावर हीच भरायची. हातात पुढच्या बॅचची यादी होती.

"जयराममामा, थाप," ती म्हणाली. "त्या रकान्यात पंचवीसच्या वरचा आकडा टाकला तर तो घेतच नाही. मीच भरलेत तिचे. बावीस होते."